पोर्ट केल्यावर शेवटचं बिल १४१३ रुपये, हे 'नोटीसचं भाडं' काय भानगड आहे?

गंगाघाट_नाशिक
मंडळी जरा मदत हवीय, डोकं फिरलंय. सहा वर्षं एकाच कंपनीचं पोस्टपेड होतं, ५९९ चा प्लॅन, महिन्याला टॅक्स धरून ७०६.८२ भरायचो आणि कधी एक दिवस उशीर केला नाही. आमच्या नव्या घरात रेंजच नाही, बाथरूमच्या खिडकीत उभं राहून बोलायला लागायचं म्हणून शेवटी पोर्ट केलं. बिलाची सायकल ११ ते १० अशी. ११ ऑगस्टला बिल आलं ते २० ला भरलं, २२ ला पोर्टचा मेसेज टाकला, कोड आला, नवीन सिम घेतलं आणि २६ ऑगस्टच्या रात्री जुनं बंद होऊन नवीन चालू झालं. सगळं सुरळीत.

आता ११ सप्टेंबरला ईमेलवर फायनल बिल आलं १४१३.६४ चं. त्यात महिन्याचं भाडं ५९९, खाली परत 'नोटीस पिरियड रेंटल' ५९९, आणि जीएसटी २१५.६४. मी वापरला सोळा दिवस आणि बिल दोन महिन्यांचं?? कॉल सेंटरवाली बाई म्हणे सर ३० दिवसांची नोटीस द्यायला लागते, तुम्ही दिली नाही. अहो कुणाला देणार नोटीस, पत्र लिहायचं होतं का? वरून ५०० रुपये डिपॉझिट आहे त्यांच्याकडे, दुबईला मेव्हण्याकडे गेलो होतो तेव्हा रोमिंग चालू करायला घेतलेलं, त्याचा बिलात पत्ताच नाही.

भरायचं का हे? नाही भरलं तर काय होईल?

मीनल_ठाणे
अजिबात भरू नका दादा. पोर्टिंग कोड आला म्हणजेच तुमची बाकी शून्य होती. बाकी असेल तर कोड देतच नाहीत, नियमच आहे तसा. म्हणजे त्यांनी स्वतःच मान्य केलंय की तुमचं काही देणं नाही. सोडून द्या.

टॉवरवाला
मीनलताई अर्धं बरोबर. मी पाच वर्षं एका कंपनीच्या बिलिंगला होतो, हा गैरसमज रोज ऐकायचो.

१६ डिसेंबर २०१९ पासून पोर्टिंगची पद्धत बदलली. आता तुम्ही मेसेज टाकला की कोड द्यायच्या आधीच जुन्या कंपनीला विचारणा जाते आणि तिथून होकार आला तरच कोड बनतो. पण त्या विचारण्यात बाकी म्हणजे काय, तर जे बिल निघालंय *आणि ज्याची भरायची तारीख उलटून गेलीय* तेवढंच बघतात. बिल निघालंय पण तारीख अजून यायचीय, किंवा बिलच निघालेलं नाही पण वापर झालाय, हे त्यात येत नाही. आणि येऊही शकत नाही, कारण पोस्टपेडमध्ये आज वापरायचं आणि पुढच्या महिन्यात भरायचं असंच असतं, त्यामुळे पोर्टच्या दिवशी प्रत्येकाचं काही ना काही मीटरवर असतंच. नाशिककर, तुमचे ११ ते २६ ऑगस्ट हे सोळा दिवस तसेच मीटरवर होते. ते तुम्हाला द्यायचेच आहेत.

आता दोन गोष्टी सांगा म्हणजे पुढे बोलता येईल. एक, ऑगस्टच्या बिलात भाड्याच्या ओळीसमोर कुठला कालावधी छापलाय? आणि दोन, त्याच बिलाच्या पहिल्या पानावर क्रेडिट लिमिटच्या आसपास डिपॉझिटचा आकडा दिसतो का?

प्रभाकर_जोशी_५२
माझाही हाच प्रश्न आहे. मी गेल्या महिन्यात कंपनी बदलली, माझ्या कार्डात २१४ रुपये बॅलन्स शिल्लक होता तो कसा परत मिळवायचा? दुकानदार म्हणतो विसरा काका.

टॉवरवाला
जोशीकाका तुमचं प्रीपेड दिसतंय, हा धागा पोस्टपेडचा आहे. पण दुकानदार खरं बोलला. प्रीपेडमध्ये पोर्ट होताना जो टॉकटाईम उरेल तो बुडतो, पोर्टिंगच्या फॉर्ममध्येच ते छापलेलं असतं आणि खाली आपली सही असते. उरलेल्या दिवसांच्या पॅकचंही तसंच. परत पोर्ट कराल तेव्हा पॅक संपत आला की करा.

प्रभाकर_जोशी_५२
२१४ रुपये म्हणजे काय कमी आहेत का. असो. धन्यवाद.

गंगाघाट_नाशिक
@टॉवरवाला बघितलं. ऑगस्टच्या बिलात भाड्यासमोर ११ जुलै ते १० ऑगस्ट लिहिलंय. आणि हो!! पहिल्या पानावर उजवीकडे बारीक अक्षरात सिक्युरिटी डिपॉझिट ५००.०० आहे. पावती शोधली तर ती त्या गुळगुळीत कागदावरची, पार पांढरी झालीय, फक्त वरचा लोगो अर्धवट दिसतोय. पण बिलात आहे म्हणजे नाकारू शकत नाहीत ना?

टॉवरवाला
नाही नाकारू शकत, त्यांच्याच कागदावर आहे. ती पीडीएफ जपून ठेवा, आणि फायनल बिलाचीही. कंपनीच्या ॲपवर विसंबू नका, नंबर गेला की बऱ्याचदा लॉगिनच होत नाही, ओटीपीच येत नाही किंवा 'हा नंबर आमचा नाही' म्हणतं.

कालावधी का विचारला ते सांगतो. काही प्लॅनमध्ये भाडं आगाऊ घेतात, म्हणजे ११ ऑगस्टच्या बिलातच ११ ऑगस्ट ते १० सप्टेंबरचं भाडं आलेलं असतं. तसं असतं तर फायनल बिलातलं ५९९ सरळ सरळ डबल झालं असतं. तुमचं तसं नाही, तुमचं भाडं मागाहून लागतं. म्हणजे फायनल बिलात या सायकलचं भाडं येणं बरोबर, वाद फक्त पूर्ण महिन्याचं की सोळा दिवसांचं एवढाच. ती सायकल ३१ दिवसांची.

५९९ चे ३१ भाग करून १६ घेतले तर ३०९.१६. त्यावर १८ टक्के म्हणजे ५५.६५. एकूण ३६४.८१. माझ्या मते तुमचं खरं देणं एवढंच. त्यातून डिपॉझिट वजा केलं तर उलट त्यांनीच तुम्हाला १३५.१९ द्यायला पाहिजेत 😀

पण एक सांगतो, शेवटच्या बिलात दिवसांच्या हिशेबानेच भाडं लावायचं हे प्लॅनच्या अटींवर असतं, सगळीकडे सरसकट तसंच असतं असं मी छातीठोक म्हणणार नाही. एक युक्ती आहे, सहा वर्षांपूर्वीचं पहिलं बिल काढा. कनेक्शन सायकलच्या मध्येच घेतलं असणार, तेव्हा भाडं किती दिवसांचं लावलं होतं ते बघा. येताना दिवस मोजले असतील तर जाताना का नाही, हे विचारायला तोंड मिळतं.

रेडिंगकर
इकडे यूकेमध्ये हा प्रकार बंद केलाय. १ जुलै २०१९ पासून नियम आहे की नंबर दुसरीकडे गेला त्या दिवसानंतरचं नोटीसचं भाडं लावताच येत नाही. त्याआधी मी स्वतः भरलेत, जुनी कंपनी आणि नवीन कंपनी दोघांना एकाच महिन्याचे पैसे. आता नुसतं PAC असं 65075 ला पाठवायचं, मिनिटभरात कोड येतो, आणि त्याच मेसेजमध्ये बाकी किती, मुदतीआधी सोडल्याचा आकार किती हेही येतं. नाशिकच्या दादांनी हाच नियम दाखवावा कंपनीला.

टॉवरवाला
रेडिंगकर, तो तुमच्या ऑफकॉमचा नियम, नाशिकला कोण विचारतो. पण त्या मेसेजमध्ये आधीच आकडा कळतो ही गोष्ट मात्र आपल्याकडे हवी होती.

आपल्याकडे नोटीसच्या मुद्द्यावर बोलायचं तर दुसरीकडून जायला लागेल. पोर्टिंग नाकारायची जी ठराविक कारणं आहेत ती मोजकीच आहेत. ९० दिवस पूर्ण नाहीत, मुदत उलटलेलं बिल बाकी आहे, नंबर नावावर करायची प्रक्रिया चालू आहे, कोर्टाचं काही प्रकरण आहे वगैरे. त्यातलं एक कारण असं की करारात बाहेर पडायची अट आहे आणि ग्राहकाने ती पाळलेली नाही. म्हणजे हप्त्यावर फोन दिलेला असतो, कंपनीच्या नावावरचा नंबर असतो, वर्षभराच्या बांधिलकीवर सवलत दिलेली असते, तसलं. आता विचार करा, ३० दिवसांची नोटीस ही तुमच्या करारातली खरी अट असती तर २२ ऑगस्टला कोड मागितला तेव्हाच त्यांना अडवता आलं असतं. अडवलं नाही. मग आता कुठल्या अटीचे पैसे मागताय, ते कलम दाखवा, माझी सही असलेला फॉर्म दाखवा, असं लेखी विचारा. कॉल सेंटरच्या तोंडी उत्तराला काही किंमत नाही, त्या पोरांना स्क्रीनवर जे दिसतं ते वाचतात.

मीनल_ठाणे
म्हणजे मी म्हणाले तेच ना फिरून 😄

टॉवरवाला
नोटीसपुरतं तुमचं धरून चालू, सोळा दिवसांपुरतं नाही.

वकील_नाही_पण
@टॉवरवाला मुद्दा चांगला आहे पण पूर्ण पटला नाही. कोड दिला म्हणजे कंपनीने कराराचे सगळे पैसे सोडून दिले असा अर्थ निघतोच असं नाही. अडवायचा हक्क वापरला नाही म्हणून वसूल करायचा हक्क गेला असं कुठे लिहिलंय?

टॉवरवाला
कुठेही नाही लिहिलेलं, मान्य. म्हणून तर म्हणतोय कलम दाखवायला सांगा. कलमच नसेल तर वाद तिथेच संपतो. असेल तर मग तुम्ही म्हणता तो प्रश्न उभा राहतो आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

अण्णा_मिरज
काय एवढी चर्चा करताय राव. मी एका कंपनीचं शेवटचं बिल भरलंच नाही, ११०० का काय होतं. काही होत नाही. वर्षभर फोन येतात, मग वकिलाची नोटीस, मग लोक अदालतीचा कागद आला घरी. गेलोच नाही. गप्प बसले.

स्वरा_पिंपरी
अण्णा तुमचं नशीब. माझ्या दिरांनी गृहकर्ज काढायला घेतलं तेव्हा क्रेडिट रिपोर्टमध्ये जुन्या मोबाईल बिलाची ६०० रुपयांची थकबाकी निघाली. बँकवाला म्हणाला आधी हे मिटवून या. सहाशे रुपयांसाठी दोन आठवडे गेले, कारण ज्या कंपनीचं बिल होतं ती तोवर दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली, कुणाला भरायचं तेच कळेना.

टॉवरवाला
अण्णांचा तो नंबर बहुतेक सोडूनच दिलेला असणार. पोर्ट केलेल्या नंबरचं वेगळं असतं हो. शेवटचं बिल थकलं तर जुनी कंपनी पोर्टिंगच्या यंत्रणेतून नवीन कंपनीला कळवू शकते की याने आमचे पैसे दिले नाहीत. मग नवीन कंपनी तुम्हाला मेसेज पाठवते, तरीही नाही भरलं तर सेवा बंद करते. तिचं बिल तुम्ही वेळेवर भरत असलात तरी! दुकानात जाऊन भांडणारे यायचे आमच्याकडे, "तुमचं बिल भरलंय तरी फोन का बंद", आणि त्यांचं देणं दुसऱ्याच कंपनीचं असायचं. जो नंबर बँकेला, आधारला, सगळीकडे जोडलाय तो असा पणाला लावू नका.

म्हणून नाशिककर, गप्प बसू नका आणि सगळं भरूही नका. भरायच्या तारखेआधी लेखी तक्रार करा, तक्रार क्रमांक घ्या आणि जे मान्य आहे ते ३६४.८१ भरून टाका. डिपॉझिट त्यातून स्वतःच वजा करत बसू नका, त्यांच्या सिस्टीममध्ये ते बाकीच दिसतं. ते वेगळं मागा.

अजून एक, आधीचं बिल कार्डावरून आपोआप कटायचं का?

गंगाघाट_नाशिक
हो क्रेडिट कार्डावर ऑटोपे आहे. पण नंबरच गेला ना त्यांच्याकडून, मग ते बंद झालं असेल?

टॉवरवाला
नाही!! ऑटोपे नंबरवर नसतं, त्यांच्याकडच्या तुमच्या खात्यावर असतं आणि फायनल बिल त्याच खात्यावर निघालंय. १४१३ जातील. पैसे कटायच्या किमान २४ तास आधी बँकेचा मेसेज यायला हवा, तो बघा आला का. बँकेच्या साईटवर ऑटोपेची यादी असते तिथून रद्द करा. आत्ता करा.

गंगाघाट_नाशिक
अहो खरंच मेसेज आलेला, काल संध्याकाळचा, १४१३.६४ उद्या कटणार म्हणून, जाहिरातींच्या मेसेजच्या गर्दीत दिसलाच नव्हता. रद्द केलं. रात्रीचे पावणेबारा वाजलेत, बायको म्हणतेय एवढ्या रात्री कोणाशी भांडताय.

मीनल_ठाणे
भरताना अजून एक काळजी घ्या, माझं झालंय म्हणून सांगते. मी माझं शेवटचं बिल पेमेंट ॲपवरून भरायला गेले, नंबर टाकला, ॲपने आपोआप कंपनी ओळखली आणि मी ४१२ रुपये भरून मोकळी. नंतर कळलं नंबर पोर्ट झाल्यामुळे ॲप नवीन कंपनी दाखवत होतं, पैसे तिकडे ॲडव्हान्स म्हणून जमा! जुन्या कंपनीचं बिल तसंच, वर लेट फी. नवीनमध्ये पुढच्या बिलात वळते झाले ते पैसे, बुडले नाहीत, पण मनस्ताप केवढा.

टॉवरवाला
हे महत्त्वाचं. पोस्टपेड बिलाच्या यादीतून जुन्या कंपनीचं नाव हाताने निवडायचं, आणि मोबाईल नंबरऐवजी बिलावरचा खाते क्रमांक चालत असेल तर तोच टाकायचा. भरायच्या आधी स्क्रीनवर नाव आणि बाकी रक्कम तुमचीच दिसतेय ना ते बघायचं.

स्वरा_पिंपरी
फॅमिली प्लॅनवाल्यांसाठी विचारते, मुख्य नंबर पोर्ट केला तर जोडलेले नंबर कुठे जातात? माझ्या नावावर मुख्य, सासूबाई आणि नवऱ्याचा जोडलेला.

टॉवरवाला
कंपनीगणिक वेगळं आहे ताई. आमच्याकडे जोडलेला नंबर स्वतंत्र प्लॅनवर टाकायचे आणि त्याचं पूर्ण भाडं सुरू व्हायचं, लोकांना महिन्याने कळायचं. मुख्य नंबर हलवायच्या आधी बाकीच्यांचा प्लॅन बदलून घ्या, किंवा आधी त्यांना हलवा आणि मुख्य शेवटी.

गंगाघाट_नाशिक (नऊ दिवसांनी)
अपडेट देतो. पहिलं बिल ईमेलमध्ये सापडलं, त्यात भाडं एकवीस दिवसांचंच लावलेलं. ते, ऑगस्टचं बिल आणि टॉवरवाला भाऊंनी सांगितलेला प्रश्न असं सगळं जोडून लेखी तक्रार टाकली, तक्रार क्रमांक आला. ३६४.८१ भरले, पावती ठेवली. सहाव्या दिवशी उत्तर आलं की "तपासणीअंती नोटीस रेंटल रद्द करण्यात येत आहे", कलम वगैरे काही दाखवलं नाही, माफी नाही, नुसतं रद्द. पण भाडं पूर्ण महिन्याचंच लागेल म्हणतात. म्हणजे ७०६.८२ मधून भरलेले वजा जाता अजून ३४२.०१ मागतायत. डिपॉझिटवर एक अक्षर नाही.

टॉवरवाला
चांगलंय की, बरोबर अर्धं बिल उतरलं. आता पुढची पायरी त्याच कंपनीचं अपील प्राधिकरण. तक्रारीचं उत्तर आल्यापासून ३० दिवसांत करायचं, फी नाही, ३९ दिवसांत निकाल द्यायला लागतो. अपिलात एवढंच लिहा की पहिल्या बिलात दिवस मोजले, शेवटच्यात का नाही, आणि डिपॉझिट कुठेय. डिपॉझिट परत करायला २००९ च्या नियमात ६० दिवस होते, नवीन नियमात मुदत अजून कमी केलीय. बँक खात्याचा तपशील त्यांनी मागितला नसेल तर आपणहून द्या, नाहीतर जुन्या पत्त्यावर चेक पाठवून मोकळे होतात. तुम्ही घर बदललंय ना?

गंगाघाट_नाशिक
बापरे हो, पत्ता जुनाच आहे त्यांच्याकडे. आजच मेल टाकतो.

अण्णा_मिरज
३४२ रुपयांसाठी अपील. ट्रायला एक मेल टाका सरळ.

टॉवरवाला
ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार घेत नाही अण्णा, परत कंपनीकडेच पाठवतं. अपिलातही नाही झालं तर ग्राहक आयोग आहे. आधी कंपन्या म्हणायच्या टेलिफोनचा वाद तिथे चालत नाही, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये तो प्रश्न मिटवला, चालतो. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फीही नाही. पण ३४२ साठी आयोगाच्या तारखा घ्यायच्या का, ते ज्याचं त्याने ठरवावं.

वकील_नाही_पण
मी असतो तर डिपॉझिटमधून वळते करून घ्या म्हटलं असतं. १५७.९९ परत येतात, विषय संपला.

गंगाघाट_नाशिक
तोही हिशेब केला होता. पण आता पेटलोय. अपील टाकलंय काल. बाथरूमच्या खिडकीत उभं राहून सहा महिने बोललोय, त्याचे पैसे तर मागतही नाहीये.

प्रभाकर_जोशी_५२
माझ्या २१४ साठी पण अपील करता येईल का?

मीनल_ठाणे
काका 🙏